दोन-तीन फ्लॅट भाड्याने दिलेत? मग भाडं, दुरुस्त्या आणि कागदपत्रांसाठी कुठलं ॲप घ्यावं

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, हा लेख बिल्डरसाठी किंवा पन्नास भाडेकरू असलेल्या माणसासाठी नाहीये. मुंबईत असे खूप लोक आहेत ज्यांचा स्वतःचा राहता फ्लॅट आहे आणि वर एक-दोन किंवा तीन घरं भाड्याने दिलेली आहेत, एखादं वडिलांचं, एखादं रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेलं. त्यांचा सगळा हिशोब डोक्यात, पासबुकात आणि व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये विखुरलेला असतो. माझी मावशी त्यातलीच. मुलुंडला एक वन बीएचके, 32,000 भाडं, आणि अंधेरीला एक टू बीएचके, 60,000 भाडं. तिने मला विचारलं की बाबा रे, एखादं चांगलं ॲप सांग. तिच्यासाठी शोधाशोध केली तेव्हा लक्षात आलं की ॲपच्या आधी खातं कसं लिहायचं हे ठरवावं लागतं, नाहीतर कितीही भारी ॲप घ्या, गोंधळ तोच राहतो.

प्ले स्टोअरवर लँडलॉर्ड टाकलं की ढीगभर ॲप्स येतात. त्यातली नाव असलेली बरीचशी, म्हणजे स्टेसा किंवा टेनंटक्लाउड वगैरे, अमेरिकेतल्या घरमालकांसाठी बनलेली आहेत. त्यांची खाती तिकडच्या टॅक्सच्या फॉर्मप्रमाणे आखलेली, भाडं गोळा करायची सोय तिकडच्या बँकांशी जोडलेली. आपल्याकडे भाडेकरू यूपीआयने पाठवतो, करार लीव्ह अँड लायसन्सचा असतो, सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, यातलं काहीच तिथे बसत नाही. दिसायला सुंदर आहेत, पण निम्मे रकाने रिकामे राहतात आणि आपल्याला जे लिहायचंय त्याला रकानाच नसतो.

दुसरी बाजू खाताबुकसारख्या ॲप्सची. ही मुळात दुकानदाराच्या उधारीसाठी आहेत, पण घरभाड्यालाही चालतात, फक्त वापरायची पद्धत समजून घ्यायला हवी. प्रत्येक भाडेकरूला एक ग्राहक करायचं, एक तारखेला भाड्याची रक्कम "दिले" मध्ये टाकायची (म्हणजे तेवढं त्याच्याकडून येणं झालं) आणि पैसे आले की "मिळाले" मध्ये. बाकी किती ते आपोआप दिसतं, आठवणीचा मेसेजही पाठवता येतो. एंट्री केल्यावर समोरच्याला मेसेज जाऊ शकतो, तर ते सेटिंग आधी बघून घ्या, नाहीतर भाडेकरूला उगाच एक तारखेला सकाळी सकाळी झटका. ज्यांना स्प्रेडशीटचं नाव काढलं की घाम फुटतो त्यांच्यासाठी हे खरंच ठीक आहे. पण दुरुस्त्या आणि करारनामे यात नीट ठेवता येत नाहीत, त्यासाठी वेगळी सोय लागतेच.

मावशीसाठी शेवटी ठरलं ते गूगल शीट्स आणि गूगल ड्राइव्ह. फुकट आहे, एका अकाउंटला 15 जीबी जागा मिळते जी दोन-चार घरांच्या कागदांना बरीच वर्षं पुरते, फोनवर चालतं, काकाही त्यांच्या फोनवरून बघू शकतात, आणि उद्या दुसरीकडे जायचं झालं तर सगळी शीट एक्सेल म्हणून उतरवून घेता येते. हा शेवटचा मुद्दा मी कुठल्याही ॲपला पहिला प्रश्न म्हणून विचारेन: माझा डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतो का? येत नसेल तर ते ॲप कितीही गोड असो, घेऊ नका, कारण ॲप बंद पडतात आणि भाड्याचे वाद दोन-तीन वर्षांनीही निघतात.

आता खातं. बहुतेक लोक काय करतात, पैसे आले की तारीख आणि रक्कम लिहितात. "5 जून, 20,000 आले." यात काय चुकलं तर येणं किती होतं हेच कुठे लिहिलेलं नाही. म्हणून दोन प्रकारच्या ओळी लागतात, एक "येणे" आणि एक "जमा". दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक घराची एक येणे ओळ टाकायची, भाडेकरूने पैसे पाठवले असोत नसोत. मग जेवढ्या वेळा पैसे येतील तेवढ्या जमा ओळी. मावशीच्या शीटमध्ये Khata नावाचा एक टॅब आहे आणि त्यात रकाने असे आहेत: A मध्ये तारीख, B मध्ये घराचा कोड (MUL किंवा AND), C मध्ये येणे की जमा, D मध्ये रक्कम, E मध्ये कसे आले, F मध्ये यूटीआर म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा नंबर, G मध्ये शेरा. बस. मुलुंडच्या घराची आजची थकबाकी काढायला एकच सूत्र:

```
=SUMIFS(Khata!D:D,Khata!B:B,"MUL",Khata!C:C,"येणे")-SUMIFS(Khata!D:D,Khata!B:B,"MUL",Khata!C:C,"जमा")
```

उत्तर शून्य आलं तर सगळं भाडं चुकतं झालं, जास्त आलं तर तेवढं यायचंय, उणे आलं तर भाडेकरूचे जास्त आलेत.

ही पद्धत का हवी ते दोन उदाहरणांवरून कळेल, दोन्ही मावशीकडेच झाली.

पहिलं मुलुंडचं. ऑगस्टमध्ये बेसिनखालचा पाइप गळायला लागला, मावशी गावी होती, भाडेकरूने प्लंबर बोलावला, 1,800 रुपये दिले, आणि मावशीच्या परवानगीने ते भाड्यातून कापून 30,200 पाठवले. सरळ व्यवहार. पण वहीत जर "ऑगस्ट भाडं 30,200" असं लिहिलं तर दोन घोळ होतात. एक तर सहा महिन्यांनी बघताना वाटतं की याने 1,800 कमी दिलेत. दुसरं म्हणजे इन्कम टॅक्ससाठी तुमचं भाडं 32,000 च धरायला हवं, 30,200 नाही. घरभाड्याच्या उत्पन्नात दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा होत नाही, महापालिकेचा भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा जातो आणि जे राहतं त्यावर सरसकट 30 टक्के सूट मिळते, तुम्ही दुरुस्तीला शून्य खर्च केलात काय नि लाख केलात काय. म्हणजे पाइपचे 1,800 भाड्यातून कमी दाखवले तर ती सूट दोनदा घेतल्यासारखं होतं. शीटमध्ये हे असं जातं: येणे 32,000, जमा 30,200 यूपीआय, जमा 1,800 आणि "कसे आले" मध्ये "दुरुस्तीतून वळते". बाकी शून्य. आणि ते 1,800 दुरुस्त्यांच्या टॅबमध्ये प्लंबरच्या बिलाच्या फोटोसकट.

दुसरं अंधेरीचं, हे जास्त लोकांना चकवतं. भाडं महिन्याला 50,000 च्या वर असेल तर साधा नोकरदार भाडेकरू असला तरी त्याला टीडीएस कापावा लागतो, सध्या दर 2 टक्के (ऑक्टोबर 2024 च्या आधी 5 टक्के होता). आणि तो दर महिन्याला कापायचा नसतो, आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात किंवा तो घर सोडतो त्या शेवटच्या महिन्यात एकदम. मावशीचा भाडेकरू एप्रिलपासून मार्चपर्यंत पूर्ण वर्ष राहिला, 60,000 गुणिले 12 म्हणजे 7,20,000, त्याचे 2 टक्के 14,400. तर मार्चमध्ये आले फक्त 45,600. मावशीचा फोन आला, अरे याने पैसे खाल्ले! खाल्ले नव्हते, सरकारकडे तिच्या पॅनवर भरायचे होते. शीटमध्ये 45,600 यूपीआय आणि 14,400 "टीडीएस" अशा दोन जमा ओळी, बाकी शून्य, पण टीडीएसची ओळ पिवळी करून ठेवायची आणि तिच्या इन्कम टॅक्सच्या 26AS मध्ये ते 14,400 दिसले की मगच रंग काढायचा. दिसले नाहीत तर भाडेकरूने कापले पण भरले नाहीत किंवा पॅन चुकीचा टाकला, आणि हे रिटर्न भरायच्या आधी कळलेलं बरं. पॅन वेळेत द्या हेही आहेच, नाहीतर 2 च्या जागी 20 टक्के दर लागतो.

म्हणून कुठलंही भाड्याचं ॲप बघताना हा दुसरा प्रश्न: एकाच महिन्याचं भाडं दोन-तीन तुकड्यांत आणि वेगवेगळ्या मार्गांनी चुकतं करता येतं का? बरीच ॲप्स फक्त "भरलं" किंवा "नाही भरलं" अशी एक खूण देतात. तिथे वरचं एकही उदाहरण बसणार नाही.

शीटमध्ये काय बिघडतं तेही सांगतो, कारण बिघडतंच. आपल्याला लहानपणापासून रकमेपुढे 32,000/- असं लिहायची सवय आहे. शीटला ती रक्कम वाटतच नाही, ती अक्षरं वाटतात, आणि बेरजेत ती मुकाट्याने सोडून दिली जाते, कुठलीही चूक दाखवत नाही. ओळखायची खूण सोपी आहे, आकडे रकान्यात उजवीकडे चिकटतात आणि अक्षरं डावीकडे, तर D रकान्यात एखादी रक्कम डावीकडे पळालेली दिसली की समजायचं. तारखांचं तसंच. शीटचं सेटिंग अमेरिकेचं राहिलं असेल तर 13/06/2025 ही तारीख म्हणून घेतलीच जात नाही कारण तेरावा महिना नसतो, ती डावीकडे राहते, पण 05/06/2025 मात्र खुशाल 6 मे म्हणून घेतली जाते आणि ते तुम्हाला दिसतही नाही. उपाय एकदाच करायचा, कॉम्प्युटरवर शीट उघडून File > Settings मध्ये जाऊन Locale मध्ये India करायचं, पहिली एंट्री करायच्या आधी. आणि घराचं नाव दर वेळी हाताने टाइप करू नका. मावशी एकदा मुलुंड लिहायची एकदा मुलूंड, ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत मार्क जायचे तसे इथे भाडं जातं, कारण शीटला ती दोन वेगळी घरं. म्हणून छोटे कोड, आणि B आणि C रकान्यांना Data validation मधून ड्रॉपडाउन लावून टाका, म्हणजे बोटाने निवडायचं, लिहायचं नाही.

महिन्यातून एकदा जमा ओळींमधल्या यूपीआयच्या रकमांची बेरीज बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघा. जुळली तर बाकी सगळं बरोबर असण्याची शक्यता खूप. यूटीआर नंबर लिहायचा कंटाळा येतो मान्य, पण "मी तर जुलैचं पाठवलं होतं" या वादात तो बारा आकडी नंबर विचारला की वाद पाच मिनिटांत मिटतो, एकतर त्याच्याकडे असतो नाहीतर नसतो.

डिपॉझिट या खात्यात अजिबात मिसळायचं नाही. ते तुमचं उत्पन्न नाही, परत द्यायचे पैसे आहेत. त्याला वेगळा टॅब, किती घेतलं, कधी, कशाने, आणि शेवटी त्यातून काय कापलं, लाइट बिल किती, तुटलेला दरवाजा किती. भाडेकरू म्हणाला की शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा आणि तुम्ही हो म्हणालात, तरी येणे ओळी त्या दोन महिन्यांच्या टाकायच्याच आणि जमा "डिपॉझिटमधून" दाखवायची, कारण टॅक्ससाठी ते भाडं आलेलंच आहे.

आता दुरुस्त्या. इथे लोक व्हॉट्सॲपवरच राहतात आणि मला त्यात फार वावगं वाटत नाही, तक्रार येण्यासाठी व्हॉट्सॲपच बरं, भाडेकरूला कुणी नवीन ॲप टाकायला लावू नये, तो टाकणार नाही. गूगल फॉर्मचा सल्लाही लोक देतात, पण फॉर्ममध्ये फोटो जोडायचा तर भाडेकरूला गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं, गळणाऱ्या नळाखाली बादली धरून ते कोण करणार. तक्रार व्हॉट्सॲपवर येऊ दे, नोंद मात्र शीटमध्ये व्हायला हवी. चॅटमधला जुना फोटो फोनवरून उडाला की परत डाउनलोड होईलच असं नाही, आणि फोन बदलताना बॅकअप राहिला तर सगळंच गेलं.

दुरुस्त्यांच्या टॅबमध्ये तक्रारीची तारीख, घर, नेमकी जागा, काय झालं, कोणी केलं, किती लागले, कोणी दिले आणि फोटोची लिंक. "नेमकी जागा" हा रकाना वाया गेल्यासारखा वाटेल पण मुंबईत तोच सगळ्यात कामाचा. मुलुंडच्या घरात तीन पावसाळे ओळीने ओल आली, दर वेळी मावशीने आतून पुट्टी आणि रंग मारून घेतला, दर वेळी पाच-सहा हजार. ओळी एकाखाली एक लावल्या तेव्हा दिसलं की तिन्ही वेळा "बेडरूम, खिडकीच्या उजवीकडची भिंत" आणि तिन्ही वेळा जुलै, उन्हाळ्यात एकदाही नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती असती तर बारा महिने आली असती. पावसाळ्यातच येते म्हणजे बाहेरची भिंत, आणि सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, सभासदाचं नाही. मावशीने तीन वर्षांच्या तारखा आणि फोटो जोडून सेक्रेटरीला अर्ज दिला. अर्ज दिला म्हणून लगेच काम झालं असं नाही हो, सोसायटी आहे ती, पण निदान आतून रंग मारायचे पैसे घालणं तिने थांबवलं.

अजून एक, दुरुस्ती आणि सुधारणा यांच्यासाठी वेगळी खूण ठेवा. नळ बदलला ही दुरुस्ती, त्याची टॅक्समध्ये वेगळी वजावट नाही. पण पूर्ण किचन नव्याने बांधलं किंवा बाल्कनीला नवीन खिडक्या बसवल्या तर तो खर्च घर विकताना घराच्या किमतीत धरायची मागणी करता येते, आणि तेव्हा बिल लागतं, बऱ्याच वर्षांनी. ती बिलं स्कॅन करून वेगळ्या फोल्डरला, आणि पैसे शक्यतो बँकेतून.

कागदपत्रांचं ड्राइव्हमध्ये. प्रत्येक घराला एक फोल्डर, त्यात "घराचे कायमचे" म्हणून एक, ज्यात शेअर सर्टिफिकेट, अॅग्रीमेंट, प्रॉपर्टी टॅक्सचा सॅक नंबर, लाइटचा ग्राहक क्रमांक आणि गॅसचा नंबर, आणि मग प्रत्येक भाडेकरूचं एक फोल्डर, ज्यात रजिस्टर झालेला करार, इंडेक्स टू, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच, आणि चावी देताना घेतलेले फोटो. फोटोंमध्ये लाइट मीटरचं रीडिंग घ्यायला विसरू नका. फाइलच्या नावात आधी तारीख, उलटी, म्हणजे 2025-06-01_MUL_karar.pdf अशी, मग नावाने लावल्या की आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅन करायची सोय आहे, वेगळं स्कॅनरचं ॲप नको, त्यातली काही फाइलवर स्वतःचा शिक्का मारतात.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर असणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, भाडेकरूची नाही, न केल्यास दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून करार संपायची तारीख शीटमध्ये हवीच. त्यासाठी करारांचा वेगळा टॅब करा, तिथे सुरुवातीची तारीख B2 मध्ये आणि मुदत 11 महिने असेल तर

```
=EDATE(B2,11)-1
```

1 जून 2025 ला सुरू झालेल्या कराराला उत्तर 30 एप्रिल 2026 येतं. त्याच्या दोन महिने आधीची आठवण गूगल कॅलेंडरमध्ये टाका, कारण शीट स्वतःहून ओरडत नाही, आणि नवं भाडं ठरवणं, दोघांची वेळ जुळवणं, बायोमेट्रिक, यात महिना सहज जातो.

भाडेकरूचं आधार ठेवायचंच असेल तर मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. आणि फोल्डर शेअर करताना "लिंक असलेल्या कोणालाही" असं ठेवू नका, नाव घालून ठराविक ईमेललाच द्या. एजंटला फक्त तो एक करार पाठवा, त्याला अख्खं फोल्डर कशाला.

घरात निदान दोघांकडे एडिट करायचा हक्क हवा. शीट मावशीच्या अकाउंटवर आहे, काकांना एडिटर केलंय, टू-स्टेपचे बॅकअप कोड छापून कपाटात ठेवलेत. सगळा हिशोब एकाच माणसाच्या एकाच फोनवर असला की तो माणूस हॉस्पिटलमध्ये असताना भाडेकरूचा करार कधी संपतो हे कोणालाच माहीत नसतं, हे मी दोन घरांत पाहिलंय.

पैसे देऊन सॉफ्टवेअर कधी घ्यावं? घरं आठ-दहाच्या पुढे गेली, भावा-बहिणींची मालकी एकत्र असून भाडं टक्केवारीने वाटायचं असेल, किंवा दुकान-ऑफिस भाड्याने देऊन जीएसटीचं इन्व्हॉइस द्यावं लागत असेल तर. तेव्हा झोहो बुक्स किंवा टॅली, आणि कुठलं ते आपल्या सीएला विचारून, कारण जुलैत फाइल त्याच्याकडेच जाणार. नुसती दर महिन्याला पावती हवी असेल तर झोहो इन्व्हॉइस फुकट आहे, दर महिन्याचं बिल आपोआप निघतं. भाडेकरूंना एचआरएसाठी पावत्या लागतात, वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की तुमचा पॅनही मागतात, आणि सगळे बरोबर जानेवारीत एकाच आठवड्यात मागतात. मावशीने त्यासाठी शीटमध्येच पावतीचा एक टॅब केलाय, घराचा कोड आणि महिना निवडला की पीडीएफ करून पाठवते.